आमची वाटचाल: हळदीच्या पाकिटाची मागची बाजू

वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात डिझाईनचं दुकान आहे म्हटलं की लोकांना फ्लेक्स आठवतो, आणि सुरुवातीला आम्ही तेच केलं पण, लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, कृषी केंद्राचे बोर्ड. आज आम्ही तिघं आहोत, मी, माझा मावसभाऊ आणि फोटो काढणारा एक मित्र, आणि पॅकेजिंगचं काम करतो. यातलं बरंच काम बिहान्सवरून आलं, म्हणजे डिझायनर लोक आपलं काम टाकतात त्या वेबसाइटवरून. ते कसं आलं ते सविस्तर सांगतो, कारण पहिली दोन वर्षं आम्ही तिथे चुकीच्या गोष्टी टाकत होतो.

त्या दोन वर्षांत 14 प्रोजेक्ट टाकले. प्रत्येकात काय, तर फुकट मिळालेल्या मॉकअपवर, म्हणजे कोऱ्या पाकिटाच्या तयार फोटोवर, चिकटवलेलं डिझाईन, पांढरं बॅकग्राउंड, चार इमेज, संपलं. डिझायनर लोक यायचे, अप्रिशिएट करून जायचे, आकडा वाढला की आम्हाला बरं वाटायचं. पण काम विचारायला दोन वर्षांत एकच जण आला आणि त्याला लोगो पाचशे रुपयात पाहिजे होता. अप्रिशिएट करणारे बहुतेक आपल्यासारखेच कामाच्या शोधात असलेले डिझायनर असतात, त्यांना देखणं चित्र पुरतं. माल विकणारा माणूस वेगळं शोधत असतो हे कळायला मला वायगावच्या हळदीचं काम यावं लागलं.

वायगाव आमच्याच तालुक्यातलं, तिथल्या हळदीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. जवळच्या एका बचत गटाला 100 ग्रॅम आणि 250 ग्रॅमचे उभे पाउच करायचे होते. ‘हळद’ हे नाव मी हातानं काढलं आणि बाकी मजकुराला मुक्ता फॉन्ट घेतला (‘एक टाईप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, मोफत आहे आणि देवनागरीत बारीक आकारात पण वाचता येतो). पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं तर पिवळा रंग हिरवट! स्क्रीनवर मस्त दिसत होता. फाइल उघडून बघितलं तर पिवळ्यात 6 टक्के सायन राहून गेला होता, आणि पिवळ्यात निळसर शाईचा जरासा अंश गेला तरी तो हिरवा मारतो. सायन शून्य केला, मॅजेंटा 22, पिवळा 100, तेव्हा कुठे तो हळदीचा उबदार रंग आला.

मित्रानं त्या दोन्ही प्रूफांचा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला होता, खिडकीतल्या उजेडात, खाली खरी हळद पसरून. प्रोजेक्ट टाकताना मी तो फोटो काढून टाकणार होतो, आपली चूक कशाला दाखवायची म्हणून. मावसभाऊ म्हणाला, राहू दे भाऊ, छापणाऱ्यालाच कळते किती डोकं लागलं ते. म्हणून राहू दिला. आणि त्यासोबत पाउचच्या मागच्या बाजूचा पण मोठा फोटो टाकला, जो याआधी कधीच टाकला नव्हता. मागच्या बाजूला काय काय बसवावं लागते बघा, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, हिरवा ठिपका, बारकोड, पत्ता, आणि हे सगळं मराठी-इंग्रजी दोन्हीत 100 ग्रॅमच्या छोट्याशा पाउचवर. गटाच्या अध्यक्ष मावशींचा मोबाईल नंबर पण पाउचवर होता, तो फोटोत पिवळ्या पट्टीनं झाकला, नाहीतर कोणीही उठून त्यांना फोन केला असता.

टाकण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी बदलल्या. पहिली कव्हर. बिहान्सवर कव्हर 808 बाय 632 पिक्सेलचं असते पण मोबाईलवर ते अंगठ्याएवढंच दिसते, आम्ही त्यात आख्खा पाउच मोकळ्या जागेसकट ठेवायचो आणि नाव वाचताच यायचं नाही. आता फक्त ‘हळद’ हा शब्द आणि पाउचची वरची कड एवढंच जवळून कापून घेतलं. दुसरी गोष्ट नाव. आधी ‘प्रोजेक्ट 3’ असं काहीतरी लिहायचो. या वेळी `Turmeric Pouch Packaging – Devanagari Lettering` असं लिहिलं आणि टॅगमध्ये पण तेच शब्द टाकले जे पाउच करून घेणारा माणूस टाईप करेल. आणि इमेज एक्सपोर्ट करताना छपाईच्या शाईंची सीएमवायके फाइल तशीच न टाकता स्क्रीनसाठीची एसआरजीबी केली, नाहीतर ब्राउझरमध्ये रंग भलताच दिसतो, आणि आमचा प्रोजेक्टच रंगाबद्दल होता.

फोटोवाल्या मित्राला सहमालक म्हणून जोडलं. त्यानं आमंत्रण स्वीकारलं की प्रोजेक्ट त्याच्या प्रोफाइलवर पण दिसतो, त्याचे बघणारे वेगळे, आमचे वेगळे. आधीच्या प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव टाकलं नव्हतं ही आमचीच चूक, ती नंतर जाऊन सुधारली.

एक गोष्ट मात्र बिघडली. उत्साहात मी माल बाजारात यायच्या आधीच प्रोजेक्ट टाकला. मावशींच्या मुलानं तो कुठेतरी बघितला आणि त्यांचा फोन आला, "हे आमचं पाकीट मोबाईलवर आधीच कसं काय फिरून राह्यलं जी? आम्ही तर अजून दुकानात ठेवलं पण नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रीच प्रोजेक्ट ड्राफ्टमध्ये टाकला, सकाळी गाडीनं जाऊन माफी मागितली. तेव्हापासून आमच्या कोटेशनवरच एक ओळ असते, माल विक्रीला आल्यानंतर 15 दिवसांनी काम दाखवू, आणि कोणाला नकोच असेल तर तिथेच ‘नाही’ लिहायचं. नको म्हणणारे आजवर दोघेच भेटले.

परत टाकल्यावर आठवड्याभरात पुण्यातल्या एका डिझायनर ताईंची कमेंट आली, 100 ग्रॅमच्या पाउचवर ‘ळ’चे दोन्ही पोकळ भाग भरून जातायत. पाउच हातात घेऊन बघितला तर खरंच, लहान आकारात शाई पसरून ‘ळ’ गोळा झाला होता, आणि आम्ही तिघांनी दहा वेळा बघून पण ते सुटलं होतं. पुढच्या छपाईला छोट्या पाउचसाठी ‘हळद’ वेगळं काढलं, ‘ळ’च्या गाठी उघड्या केल्या. जुना-नवा फोटो प्रोजेक्टमध्ये खाली जोडला आणि त्या ताईंचे आभार मानून लिहिलं की दुरुस्ती त्यांच्यामुळे झाली. अशी बारीक नजर गावात बसून दुसरीकडे कुठे मिळाली असती सांगा.

चार महिन्यांनी कोकणातून मेसेज आला, कोकम आगळ करणाऱ्या एक ताई. आता नवीन माणूस आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, आमच्यापर्यंत पोचलात कसे. त्या म्हणाल्या गुगलवर मराठी पाउच डिझाईन शोधत होते, इमेजमध्ये तुमच्या पाउचची मागची बाजू दिसली. समोरची नाही, मागची! त्यांच्या आधीच्या डिझायनरनं समोर छान करून दिलं होतं पण मागचा मजकूर बसवता बसवता छपाईवाल्यानंच फॉन्ट बदलून टाकला होता. 18 हजारात दोन बाटल्यांचं लेबल ठरलं, निम्मे आधी. त्यानंतर जी पाच कामं बाहेरून आली त्यातल्या तिघांनी तो हिरवट प्रूफवाला फोटो बघितल्याचं आपणहून सांगितलं.

त्या 14 पैकी 9 प्रोजेक्ट आम्ही काढून टाकले. उरलेल्या पाचांचे जुने पाउच आणि डबे ग्राहकांकडून परत मागवतोय, मागच्या बाजूचे फोटो काढायला. दोन आले, एक गिरडच्या दुकानात सापडला, बाकी दोघांनी पोळ्यानंतर पाठवतो म्हटलंय.