अप्पांच्या फोनवरचा कांद्याचा भाव का हलत नव्हता

आमचा कांदा लासलगावला जातो. लिलावाला उभा असणारा माझा मित्र दिवसातून तीन-चार वेळा एका शीटमध्ये भाव टाकतो. अप्पांना अॅप उघडत बसायला लागू नये म्हणून मी त्यांच्या अँड्रॉइड फोनच्या होम स्क्रीनवर एक छोटं विजेट बसवलं. पुण्यात माझ्या फोनवर ते आठवडाभर व्यवस्थित चाललं. गावाकडून मात्र चौथ्या दिवशी अप्पांचा फोन आला. "अरे, दुपारचा लिलाव संपला आणि इथं सकाळचेच 1,450 दिसतायत. ट्रॅक्टर भरायचा की थांबायचं?"

पहिली चूक लगेच सापडली. विजेटच्या माहितीफाइलमध्ये मी दर दहा मिनिटांचं अपडेट मागितलं होतं.

```
android:updatePeriodMillis="600000"
```

अँड्रॉइड या मार्गाने अर्ध्या तासापेक्षा कमी अंतर देतच नाही. 1800000 मिलिसेकंदांच्या खालचा आकडा लिहिला तर एररही येत नाही, फक्त मुकाट्याने अर्धा तास धरला जातो. माझ्या फोनवर हे लक्षात आलं नाही, कारण कोड बदलून अॅप पुन्हा टाकलं की विजेट त्या क्षणी ताजं होतं, आणि मी दिवसभर तेच करत होतो.

मग काम पार्श्वभूमीतली कामं ठराविक अंतराने चालवणाऱ्या वर्कमॅनेजरकडे दिलं. त्यात किमान अंतर 15 मिनिटांचं आहे, आणि तेही "साधारण इतक्या वेळाने", घड्याळ लावून नव्हे. स्क्रीन बंद, चार्जर नाही आणि फोन एका जागी पडून असला की थोड्या वेळाने डोझ सुरू होतं. नेटवर्क बंद राहतं, पार्श्वभूमीतली कामं साठवून ठेवली जातात आणि अधूनमधून नेटवर्क थोडा वेळ उघडतं तेव्हा ती उरकली जातात. अप्पांचा फोन कांदाचाळीत खाटेवर तास-तास पडून असतो. पण त्यांनी फोन हातात घेऊन स्क्रीन सुरू केली की डोझ संपतं आणि अडकलेलं काम थोड्याच वेळात व्हायला हवं. इथं तर तासाभरानेही आकडा तोच. म्हणजे एकट्या डोझवर बोट ठेवून भागत नव्हतं.

शनिवारी घरी गेलो आणि अप्पांच्या शेजारी बसून नुसतं पाहत राहिलो. व्हॉट्सअॅप बघून झालं की त्यांनी अलीकडच्या अॅपची यादी उघडली आणि 'सगळं साफ करा' दाबलं. दिवसातून दहा वेळा ते हे करतात, फोन हलका राहतो म्हणून. मी लॅपटॉप जोडून पाहिलं.

```
adb shell dumpsys package in.kandabhav | grep stopped
```

उत्तरात `stopped=true` होतं. नेहमीच्या अँड्रॉइडवर यादीतून अॅप काढलं तरी ठरवून ठेवलेली कामं चालू राहतात. काही कंपन्यांच्या फोनवर मात्र ते फोर्स स्टॉपसारखं धरलं जातं: सगळी ठरलेली कामं रद्द, आणि माणूस स्वतः अॅप उघडेपर्यंत त्याला कुठलाही निरोप नाही. अँड्रॉइड 15 च्या आधीच्या फोनवर विजेट तरीही जिवंत वाटतं, कारण अॅपने शेवटचं पाठवलेलं चित्र सिस्टीमकडे जपून ठेवलेलं असतं आणि होम स्क्रीन तेच दाखवते. अॅप मेलेलं असलं तरी 1,450 तसेच ठळक दिसत राहतात. शेतकऱ्याच्या हातात असा आकडा देणं मला फार जड गेलं.

अॅप आयकॉनवरून एकदा उघडलं आणि थोड्या वेळात आकडा बदलला. मग अॅप इन्फोमध्ये बॅटरीचा पर्याय `Unrestricted` केला, ऑटोस्टार्ट चालू केलं आणि अलीकडच्या यादीत अॅपला कुलूप लावलं. आता 'सगळं साफ करा' दाबलं तरी ते राहतं.

दर पंधरा मिनिटांनी विचारत राहणंही मी थांबवलं. भाव दिवसातून तीन-चारदा बदलतो, तोही कधी बदलेल ते ठरलेलं नसतं. त्यामुळे शीटमध्ये नवा आकडा पडला की फोनला उच्च प्राधान्याचा पुश जातो. तो डोझमध्येही पोचतो. त्यासोबत मी नोटिफिकेशनही दाखवतो, कारण असे पुश दिसेल असं काही न करता वापरले तर त्यांचं प्राधान्य उतरतं. पुश चुकला तर आधार म्हणून वर्कमॅनेजरचं काम तासाला एकदा ठेवलं. अॅप थांबलेलं असेल तर पुशही पोचत नाही, म्हणून कुलूप लागतंच.

शेवटी भावाखाली वेळ टाकली: "मंगळ, दु. 2:40". आधी "20 मिनिटांपूर्वी" असं लिहिणार होतो, पण थांबलेलं अॅप ती अक्षरं बदलू शकत नाही आणि दोन दिवसांनीही वीसच मिनिटं दिसली असती. अप्पा आता आधी वेळ वाचतात, मग भाव. वेळ जुनी दिसली की मला फोन न करता अॅप उघडतात.