सत्तेचाळिसावा दिवस

"मॅडम, साठलेलं रक्त बाहेर पडायला लागलंय," असं म्हणतच ती ओपीडीत शिरली. हातात गोळ्यांचं पाकीट, मागे सासूबाई.

वय २९, घणसोलीत घर, महाप्याला नोकरी. पहिल्यांदा आली तेव्हा दर पाळीला आठ-आठ दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन ८.२. सोनोग्राफीत काही नव्हतं, मूल इतक्यात नको होतं. बीपी, सिगरेट, पायात कधी गुठळी, अर्धशिशी, सगळं विचारून मी तिला माला-डी सलग घ्यायला सांगितली. पांढऱ्या २१ संपल्या की तपकिरी ७ सोडायच्या, दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या. त्या आठवड्यात हार्मोन थांबतं म्हणून रक्त जातं, ती खरी पाळी नव्हेच. पण तपकिरी सोडल्या की लोहही सुटतं, हे बरेच जण विसरतात. मी लोहाची गोळी वेगळी लिहिली आणि स्वतःवरच खूश झाले.

डागांबद्दल मात्र "मधे थोडं दिसेल" एवढंच बोलले होते. बाहेर रांग होती.

चाळिसाव्या दिवशी डाग सुरू झाले, सत्तेचाळिसाव्यालाही थांबेनात. केमिस्टने चिठ्ठी न बघता वरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या. याच गोळ्या सासूबाईंनी गौरी-गणपतीला स्वतः आणून दिल्या होत्या. तेव्हा बरं रक्त साठलं नव्हतं!

यावेळी मी खुर्ची पुढे ओढली. रोजच्या गोळीने गर्भाशयाचं अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं. पेरलंच नाही तर कापणी कसली? पण पातळ अस्तरातल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, त्या झिरपतात. पहिले काही महिने हे होतं, मग कमी होत जातं. एकही गोळी चुकली नव्हती, प्रेग्नन्सी टेस्टही निगेटिव्ह. केमिस्टच्या गोळ्या बंद केल्या. मग माला-डीही चार दिवस बंद, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. ही सुट्टी सलग २१ गोळ्या झाल्यावरच घ्यायची आणि सात दिवसांपुढे न्यायची नाही, नाहीतर दिवस राहू शकतात. त्या चार दिवसांत पाळीसारखं गेलं, मग डाग थांबले.

हे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिलं असतं तर केमिस्टकडे जायची वेळ आली नसती. आता लिहिते, अक्षर लागेल असं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१. सासूबाई या खेपेला हसून बोलल्या. "मोठीलाही द्या की. तिला पाळीत फार त्रास. डोकं तर असं चढतं, आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो, अर्धं दिसेनासं होतं."

माझा पेन थांबला. अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनवाल्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो, मग ती सलग घ्या नाहीतर सुट्टी देऊन.

"त्यांना घेऊन या," मी म्हटलं, "आणि हिच्या पाकिटातली एकही गोळी त्यांना देऊ नका."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत म्हणाली, "कालच एक पाकीट दिलंय."

फोन तिथूनच लावला.