मोबाइलवर एक भाडं, लॅपटॉपवर दुसरं

*«तेच विमान, तीच तारीख. माझ्या मोबाइलवर एक भाडं दिसतं आणि मुलाच्या लॅपटॉपवर दुसरं. असं का? आणि कुकीज काढल्या की भाडं उतरतं म्हणतात, ते खरं का?»*

नाशकात तिकिटं काढून देण्याचं माझं काम आहे, त्यामुळे हे सतत कानावर येतं. कुकीज म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी; त्यांच्याकडे नंतर येते. मी आधी उलट विचारते, दोन्हीकडे प्रवासी किती टाकले होते? पुष्कळदा गाठ तिथंच सुटते.

विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे भाडेगट पाडते. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं, त्याचा दर ठरलेला असतो आणि त्या दरात किती जागा द्यायच्या हेही ठरलेलं असतं. स्वस्त गट संपला की वरचा उघडतो. यातली मेख अशी की एका बुकिंगमधले सगळे प्रवासी सहसा एकाच गटात बसवले जातात.

समजा, नाशिकच्या ओझर विमानतळावरून बंगळूरला जायचंय. स्वस्त गटात दोनच जागा उरल्यात, दर ४,२००. वरच्या गटाचा दर ५,१००. आईने मोबाइलवर सहज पाहायचं म्हणून एक प्रवासी टाकला, तिला ४,२०० दिसले. मुलाने लॅपटॉपवर चौघांसाठी शोधलं. स्वस्त गटात चौघे मावत नाहीत, म्हणून चौघांनाही ५,१०० लागले, एकूण २०,४००. घरात वाद सुरू, की लॅपटॉपवाल्यांना महाग दाखवतात! दोन-दोन जणांची दोन बुकिंगं केली, तर पहिल्या दोघांचे ८,४०० आणि पुढच्या दोघांचे १०,२०० मिळून १८,६०० होतात. १,८०० वाचले. मात्र पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली, तर कंपनी दोन्हींना एकाच विमानात बसवेलच असं नाही. लहान मुलं असतील तर प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस ठेवावं.

दुसरा प्रकार घरातल्या घरातच घडतो. काही ठिकाणी तुम्ही नावं भरून पैसे भरायच्या पानापर्यंत गेलात, की त्या जागा थोडा वेळ तुमच्यासाठी अडवून ठेवतात. आता बाबा त्या पानावर ओटीपीची वाट बघत बसलेत, आणि मुलगी पुण्याहून तेच विमान शोधतेय. तिला स्वस्त जागा दिसतच नाहीत, कारण त्या बाबांनीच अडवल्यात. बाबा कंटाळून पान बंद करतात, कोणीतरी सांगतं कुकीज काढ, मुलगी काढते, आणि भाडं उतरलेलं दिसतं. श्रेय कुकीजला! खरं तर मधल्या वेळेत अडवलेल्या जागा सुटलेल्या असतात.

कुकीज काढल्याने काहीच होत नाही असंही नाही. तुम्ही लॉगआउट होता, त्यामुळे सभासदांची सवलत जाते आणि कधी भाडं उलट चढतं. पान नव्याने उघडल्यामुळे ताजी किंमत येते. अनेक कंपन्यांची भाडी एकत्र दाखवणाऱ्या साइट्स दर वेळी कंपनीला विचारत नाहीत, थोड्या वेळापूर्वी मिळालेली किंमत साठवून तीच दाखवतात. तिथं ४,२०० दिसतं आणि बुक करायला गेलं की ५,१०० होतं, ते यामुळे. पण तुम्ही तीनदा शोधलंत म्हणून विमान कंपनीने तुमच्यापुरता दर चढवला, असं माझ्या पाहण्यात नाही.

उपकरण ओळखून वागणूक बदलतच नाही, असा मात्र माझा दावा नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्बिट्झ या प्रवास-बुकिंगच्या साइटबद्दल बातमी आली होती, की ॲपलचे मॅक संगणक वापरणाऱ्यांना महागडी हॉटेलं आधी दाखवली जात होती. त्याच खोलीचा दर मात्र वाढवलेला नव्हता. आपल्याकडे ॲपवरच मिळणारी कूपनं आणि ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट तर उघडच जाहीर केलेली असते. (राजधानी-शताब्दीचं फ्लेक्सी भाडं बघा. २०१६ पासून दर दहा टक्के जागा विकल्या की भाडं एक पायरी चढतं. त्याचा नियम जाहीर असल्याने तिथं कुणी कुकीजवर संशय घेत नाही.)

तरीही खात्री करायची असेल तर दोन्ही उपकरणं शेजारी ठेवा. विमानाचा क्रमांक, प्रवासीसंख्या आणि भाड्याचा प्रकार सारखा घ्या. सामानासहितचं भाडं एकीकडे आणि बिनसामानाचं दुसरीकडे असं नको. दोन्हीकडे लॉगआउट करा. पहिल्या पानावरचा आकडा धरू नका, पैसे भरायच्या आधीच्या पानावर तपशील उघडा आणि मूळ भाडं, कर, कन्व्हिनियन्स फी, विमा अशी ओळ ओळ ताडून पाहा. न विचारता विम्यावर खूण करून ठेवणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांना धरून नाही, तरी नजर टाकाच. एका उपकरणावरचं पाहून झालं की ते बुकिंग सोडून द्या आणि थोडं थांबून मगच दुसऱ्यावर जा, नाहीतर तुमच्याच जागा तुम्हाला आडव्या येतील. मूळ भाडं सारखं निघालं, तर फरक फीचा किंवा कूपनचा आहे. मग जिथं शेवटची बेरीज कमी, तिथून तिकीट काढा.