तिसऱ्या आठवड्यात थंडावलेली जाहिरात

«व्हिडिओ जाहिरात आधी छान चालते आणि मग थंडावते. लोक कंटाळले हे कशावरून ओळखायचं, आणि नवा व्हिडिओ नेमका कधी करायचा?»

पुण्यातल्या एका घरगुती गोडा मसाल्याची जाहिरात मी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चालवत होतो, तिचे आकडे इथे सांगतो. पहिल्या आठवड्यात व्हिडिओ 84,000 वेळा दिसला आणि 60,000 जणांपर्यंत पोहोचला, म्हणजे फ्रिक्वेन्सी, एका माणसाला तो सरासरी किती वेळा दिसला हा आकडा, 1.4 होती आणि लिंकवरील क्लिकचे प्रमाण 1.8 टक्के होते. तिसऱ्या आठवड्यातही तो 84,000 वेळाच दिसला, पण केवळ 30,000 जणांना, फ्रिक्वेन्सी 2.8 झाली आणि क्लिक 1.1 टक्क्यावर आले. आठवड्याचा खर्च सुमारे 10,000 रुपयेच राहिल्यामुळे एका क्लिकची किंमत साडेसहा रुपयांवरून जवळपास अकरा रुपयांवर गेली.

फ्रिक्वेन्सी वाढणे आणि क्लिक घटणे हे दोन्ही बदल एकत्र दिसले, तरच मी कंटाळ्याचा संशय घेतो. क्लिक घटले पण फ्रिक्वेन्सी जागच्या जागी असेल, तर कारण बहुधा किमतीत, सरलेल्या सणात किंवा स्पर्धकाच्या सवलतीत सापडते. फ्रिक्वेन्सी नेहमी सात दिवसांचीच पाहावी, कारण जाहिरात सुरू झाल्यापासूनचा आकडा दिवसांबरोबर वाढतच जातो आणि उगाच घाबरवतो. शिवाय ती सरासरी असते: 2.8 या आकड्यामागे एकदाच पाहिलेले जसे असतात, तसेच आठ वेळा पाहून वैतागलेलेही असतात.

नेमके काय शिळे झाले, हे पाहण्यासाठी मी तीन सेकंद तरी व्हिडिओ पाहिला जाण्याचे प्रमाण तपासले. ते 30 टक्क्यांवरून 19 वर आले होते, म्हणजे लोक सुरुवात ओळखून पुढे सरकत होते. हे प्रमाण टिकून केवळ क्लिक घटले असते, तर मी सुरुवातीला हात न लावता शेवटची ऑफर बदलली असती. इथे मात्र खलबत्त्याच्या दृश्याऐवजी आमटीला फोडणी पडतानाचे दृश्य सुरुवातीला घेतले आणि बाकीचा व्हिडिओ तसाच ठेवला. पूर्ण चित्रीकरण पुन्हा करण्याची गरज नव्हती.

बदल कधी करायचा, हे मी ऑर्डरमागच्या खर्चावरून ठरवतो. क्लिकचे प्रमाण त्याच जाहिरातीच्या चांगल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने घटले आणि ऑर्डरमागचा खर्च नफ्याला खाऊ लागला, की नवा व्हिडिओ लावतो. एखाद्या दिवसाच्या घसरणीवर निर्णय घेत नाही, आणि फ्रिक्वेन्सी चार झाली तरी ऑर्डर परवडत असतील तर जाहिरातीला हात लावत नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या छोट्या गटात असे अनेकदा होते.

चालू जाहिरातीतला व्हिडिओ बदलला, तर जाहिरात कोणाला दाखवावी हे फेसबुकची यंत्रणा ज्यात शिकते, तो शिकण्याचा टप्पा पुन्हा सुरू होतो. म्हणून नवा व्हिडिओ स्वतंत्र जाहिरात म्हणून लावावा आणि जुनी काही दिवस चालू ठेवावी. मात्र दोन्ही एकाच अ‍ॅड सेटमध्ये, म्हणजे एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींच्या गटात असतील, तर तो टप्पा तरीही पुन्हा सुरू होतो आणि यंत्रणा कधीकधी ओळखीच्या जुन्या जाहिरातीलाच बहुतेक पैसे देते. तसे झाल्यामुळे पाचव्या दिवशी मी जुनी बंद केली.