दिवाबत्तीच्या टायमरचा रिले चिकटतो तेव्हा : माझा अनुभव

गावातले लाईट भर दुपारी बाराला सुरू असले की लोक आधी ग्रामपंचायतीला बोलतात, मग वायरमनला. दोष बहुतेक वेळा टायमरमधल्या रिलेचा, म्हणजे कॉइलने चालणाऱ्या स्विचचा असतो. त्याचे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. आमच्या पॅनेलवर हेच झालं. रिले बदलणं सोपं होतं. खरी डोकेदुखी होती ती टायमर विकणाऱ्याला कारण पटवणं.

त्याचं म्हणणं एकच. "भाऊ, तुमचा लोड पाच अँपिअर, रिले सोळाचा. तिप्पट मार्जिन आहे. वायरिंग बघा." हिशोब वरवर बरोबर होता. ४५ वॉटचे २४ एलईडी दिवे म्हणजे १०८० वॉट, म्हणजे साधारण ५ अँपिअर. त्याने क्लॅम्प मीटर लावून आकडा दाखवलाही, आणि वॉरंटीचा अर्ज तिथेच अडकला.

पण रिलेवर छापलेले १६ अँपिअर हीटरसारख्या सरळ लोडसाठी असतात. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये आत कपॅसिटर असतो. तो रिकामा असताना लाईन जोडली की पहिल्या क्षणी त्याला जवळजवळ शॉर्ट सर्किटच समजा. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. रिले नेमका त्या शिखराला मिटला, तर आवरायला उरतो तो फक्त डीपीपासूनच्या तारांचा आणि ड्रायव्हरमधला थोडासा रोध. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात सुरुवातीचा प्रवाह ४० अँपिअर लिहिला असेल, तर २४ दिव्यांचे कागदावर ९६० होतात. तारांनी मिळून एक ओहम रोध दिला तरी ३२५ अँपिअर उरतातच. हा झटका अर्ध्या मिलिसेकंदातच ओसरतो. साधा क्लॅम्प मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्याला तो दिसणारच नाही. 'इनरश' बटणवाला मीटरही मोटरसाठी ठीक आहे, एलईडीसाठी नाही. म्हणून "मीटरवर पाचच दिसतात" हा पुरावा नव्हेच.

मग चिकटतो कसा? रिलेचे कॉन्टॅक्ट मिटताना एका दमात मिटत नाहीत, एक ते पाच मिलिसेकंद उड्या मारतात. प्रत्येक उडीत ठिणगी पडते आणि चांदीच्या मिश्रधातूचा बारीकसा ठिपका वितळतो. तो वितळलेला असतानाच पट्टी पुन्हा टेकते, धातू गोठतो आणि झाला जोड. सुटे करणारी स्प्रिंग त्यापुढे कमी पडते. नुसता जास्त लोड असता तर टर्मिनल काळे पडले असते, प्लास्टिक मऊ झालं असतं. आमच्या रिलेची पेटी मात्र कोरी करकरीत होती. उघडल्यावर आत एकच काळा ठिपका होता आणि तिथेच दोन्ही कॉन्टॅक्ट जुळलेले. हा ठिपका समोर ठेवल्यावर वाद मिटला, पैसे मात्र नाही मिळाले.

चिकटल्याची खात्री अशी करायची: मेन बंद करा, कॉइलची आणि दिव्यांची तार काढा, मल्टीमीटरने कॉमन आणि नॉर्मली ओपन तपासा. सलगता आली तर चिकटलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर सुटला म्हणून तोच परत लावू नका. तिथला पृष्ठभाग खरबरीत झालेला असतो, पुढच्यांदा लवकर चिकटतो.

उपाय म्हणून टायमरच्या रिलेवर दिवे ठेवूच नका. त्याने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा लोड जोडणाऱ्या दणकट स्विचची कॉइल चालवावी. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल खेचताना साधारण ७० व्होल्ट-अँपिअर घेते, म्हणजे ०.३ अँपिअर. दिवे तीन फेजवर आठ-आठ वाटा, म्हणजे एका कॉन्टॅक्टवर कागदी झटका ३२० वर येतो. कॉन्टॅक्टर निवडताना त्याच्या माहितीपत्रकात एलईडीसाठी दिलेली दिव्यांची संख्या बघा. रिलेच घ्यायचा असेल तर सिल्व्हर टिन ऑक्साईडचे कॉन्टॅक्ट आणि आधी टेकणारा टंगस्टनचा कॉन्टॅक्ट असलेला घ्या. त्यावर '१६५ अँपिअर २० मिलिसेकंद, ८०० अँपिअर २०० मायक्रोसेकंद' असा आकडा असतो. ९६० ला तो अपुरा, ३२० ला भरपूर. जुने तारेचे बल्ब असतील तर थंड तार दहा ते पंधरापट खेचते, तिथे टीव्ही-५ (७८ अँपिअरचा झटका) किंवा टीव्ही-८ (११७) हे शिक्के बघायचे.

मोटरचं गणित वेगळं. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ७ अँपिअर घेत असेल, तर सुरू होताना साधारण सहापट, ४० च्या वर घेते, आणि तेही वेग पकडेपर्यंत. दुकानात "पंचवीसचा" म्हणून जो कॉन्टॅक्टर देतात त्यावर दोन आकडे असतात: एसी-१ ला, म्हणजे हीटरसारख्या सरळ लोडला २५ आणि एसी-३ ला, म्हणजे मोटरच्या लोडला ९. मोटरसाठी एसी-३ चाच धरायचा.

आणि हो, संध्याकाळी व्होल्टेज पडून कॉन्टॅक्टर खडखडत असेल तर कितीही मोठा घ्या, चिकटेल. प्रत्येक खडखड म्हणजे नव्याने मिटणं. कॉइलच्या वाटेत कमी व्होल्टेजला तोडणारा रिले घाला, आणि वीज परतल्यावर तो थोडं थांबून जोडेल असा निवडा.