आमची वाटचाल: आर-४०४ए कडून प्रोपेनकडे

दुकानांतल्या काचेच्या फ्रीजची दुरुस्ती करत आम्ही या धंद्यात आलो. तेव्हा हाताशी असायचा तो आर-४०४ए हा शीतक, म्हणजे फ्रीज थंड करणारा गॅस. सुरक्षिततेच्या वर्गवारीत ए१, म्हणजे विषारी नाही आणि पेटत नाही. पण त्याचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते. प्रोपेनचा, म्हणजे आर-२९० चा, हाच आकडा एक अंकी आहे. म्हणून आम्ही तिकडे वळलो. तो मात्र ए३ वर्गातला, सहज पेटणारा.

वळताना एका फ्रीजने आम्हाला थांबवलं. थंडावा कमी झाला म्हणून तो आला होता. पाटीवर आर-४०४ए, ४२० ग्रॅम. आमचा मुलगा पाइप सोडवायला ज्योतीचा टॉर्च पेटवणार, तेवढ्यात दाब दाखवणाऱ्या गेजकडे लक्ष गेलं. फ्रीज रात्रभर बंद, खोली २५ अंशांवर. आत आर-४०४ए असता तर काटा साडेअकरा बारच्या आसपास हवा होता. तो साडेआठवर होता. हा दाब प्रोपेनचा. आधी कुणीतरी ‘अर्ध्या वजनाने भरलं की चालतं’ म्हणून भरलेलं होतं आणि पाटी तशीच ठेवलेली. टॉर्च बाजूला ठेवला, गॅस मोकळ्या जागेत काढला, नायट्रोजन फिरवला आणि पाइप कटरने कापला.

चालतं हे खरं आहे, थंडही छान होतं. धोका नेमका त्यातच लपतो. हवेच्या दर घनमीटरला ३८ ग्रॅम प्रोपेन झालं की ते पेटू शकतं. त्या फ्रीजची आतली जागा ६०० लिटरची, म्हणजे आत अवघे २३ ग्रॅम साचले तरी पुरे. भरलेले होते सुमारे १९०. त्याच जागेत थर्मोस्टॅट आणि दाराचं बटण, दोन्ही ठिणगी टाकणारी. शीतकाच्या प्रोपेनला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही.

तेव्हापासून जुन्या फ्रीजमध्ये आम्ही प्रोपेन भरत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. तिथे आर-४४९ए वापरतो. तोही ए१, आणि त्याचा आकडा १,४०० च्या आत. तो मिश्रण असल्याने सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो, नाहीतर घटकांचं प्रमाण बिघडतं. कॉम्प्रेसरही जास्त तापतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

प्रोपेन फक्त त्यासाठीच बांधलेल्या नव्या फ्रीजमध्ये. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने मर्यादा १५० ग्रॅमवरून साधारण ५०० पर्यंत नेली, पण ती त्या मानकाच्या चाचण्या पार केलेल्या फ्रीजलाच लागू आहे. मोठ्या फ्रीजला आम्ही अजून १५० च्या आतली दोन स्वतंत्र सर्किटंच पसंत करतो: एक फुटलं तरी दुसऱ्यातला गॅस बाहेर येत नाही.

आता टॉर्चच्या पेटीवर एकच ओळ लिहिली आहे: आधी गेज, मग आग.