दुष्काळात नाही, अडिस अबाबात तेरावा महिना

ऑफिसच्या कामाला जोडून यंदा 2025 च्या सप्टेंबरात इथिओपियाच्या राजधानीत, अडिस अबाबाला आठवडाभर राहिलो. तिसऱ्या दिवशी गेस्ट हाऊसची पावती मिळाली, त्यावर तारीख 3/13/2017. आधी वाटलं छपाईची चूक, मग वाटलं अमेरिकन पद्धतीने लिहिलंय, म्हणजे 13 मार्च, पण सालाचं काय? काउंटरवरच्या मावशी हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे, तेराव्या महिन्याची तीन तारीख. आपल्या हिशोबाने तो दिवस 8 सप्टेंबर 2025 होता.

तर तिकडे बारा महिने सरळ 30-30 दिवसांचे, 31 ची भानगड नाही. झाले 360. उरलेले पाच दिवस (दर चौथ्या वर्षी सहा) शेवटी वेगळे ठेवायचे, त्यांचं नाव पागुमे. हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ साधारण 'वरून जोडलेले'. आपल्या अधिक मासाशी गल्लत करू नका, तो चांद्र-सौर फरक भरून काढायला अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो आणि अख्खा महिना असतो, हा दरवर्षी येतो आणि आठवड्याएवढाही नसतो. जवळचा नातेवाईक हवा तर आपल्या मुंबईतच आहे, पारशी कॅलेंडर! त्यांचेही 30 चे बारा महिने आणि शेवटी पाच गाथा-दिवस. फक्त शहेनशाही पंचांगात लीप दिवस धरत नाहीत म्हणून वसंतातलं नवीन वर्ष सरकत सरकत ऑगस्टात आलंय, ज्याला आपण पतेती म्हणतो.

हेच सरकणं जुन्या इजिप्तमध्येही होतं, आणि इथिओपियाचं कॅलेंडर तिथूनच अलेक्झांड्रियाच्या चर्चमार्गे आलं. इजिप्तचं वर्ष मुळात नाईलच्या पुराला धरून सुरू व्हायचं पण लीप दिवस नसल्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस चुकत गेलं, मग इसवी सनापूर्वी 25 च्या सुमारास रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात सहावा दिवस घातला आणि वर्षारंभ जुन्या जूलियन कॅलेंडरच्या 29 ऑगस्टला खिळला. मग सप्टेंबर कुठून आला? तर तो त्यांनी नाही, आपण आणला. युरोपाने 1582 नंतर कॅलेंडर सुधारताना दिवस उडवले, तो फरक आज 13 दिवसांचा आहे, आणि 29 ऑगस्ट अधिक 13 म्हणजे 11 सप्टेंबर. ते होते तिथेच आहेत, घसरलं ते आपलं. सालाचा सात-आठ वर्षांचा फरक वेगळा, तो येशूच्या काळाची गणना तिकडे वेगळी धरल्यामुळे.

गंमत म्हणजे इजिप्तला जो पूर यायचा त्याचं बरंचसं पाणी याच इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचं. इथे जून ते सप्टेंबर किरेम्त, म्हणजे पावसाळा, आणि तो ओसरतानाच नवीन वर्ष येतं, एन्कुतताश. माळावर अदेय अबेबाची पिवळीधमक फुलं येतात. सकाळी पांढऱ्या कपड्यातल्या चार पोरी दारात येऊन गाणं म्हणायला लागल्या, एकीच्या हातात गवत आणि फुलांची जुडी, ती माझ्या हातात कोंबली आणि मग सगळ्या नुसत्या बघत उभ्या. खिशात मोठ्या नोटा! सुटे बिर आदल्या दिवशीच करून ठेवा, नवीन वर्षाला बँका बंद. त्याआधी पागुमेच्या 3 तारखेला, म्हणजे माझ्या पावतीच्या दिवशी, पाऊस आला तेव्हा गल्लीतली पोरं मुद्दाम भिजत होती. त्या दिवशी देवदूत रफाएलचा सण, पावसाचं पाणी पवित्र मानतात.

जाणार असाल तर छत्री आणि स्वेटर दोन्ही घ्या, शहर 2,300 मीटरच्या वर आहे, संध्याकाळी गारठतं. शाकाहारींनी बुधवार-शुक्रवारी 'ये त्सोम' म्हणजे उपवासाचं मागावं, इंजेऱ्यावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पातळ पोळीवर, डाळी-भाज्या मस्त मिळतात. यंदा आदला दिवस बुधवार होता म्हणून मी पोटभर जेवलो, नवीन वर्षाच्या दिवशी मात्र जिकडेतिकडे कोंबडीचा डोरो वॉट.

तारीख 11 च धरून तिकीट काढू नका. आपल्या लीप वर्षाच्या आदल्या सप्टेंबरात पागुमे सहा दिवसांचा असतो आणि सण 12 ला जातो, 2023 ला तसंच झालं, पुढचं 2027. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, ड्रायव्हर 'उद्या दोन वाजता' म्हणाला तर तो सकाळी आठला येणार, मी दुपारचं समजलो आणि तो बिचारा खाली ताटकळत बसला. विमानाच्या तिकिटावर वेळ आपलीच असते.

आणि बिल क्लेम करायचं असेल तर पावतीवर 'फेरेंजी' म्हणजे परदेशी तारीख लिहून घ्या. आमच्या अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याच्या रकान्यात 13 टाकताच येत नाही, माझे पैसे अजून अडकलेत.